किलोभर रव्याचे लाडू

गौरी-गणपती जवळ आले की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो: "किलोचे किती लाडू होतील गं?" विचारणारीला घाई असते, वाण्याकडे यादी द्यायची असते, आणि तिला एक आकडा हवा असतो. मी मात्र आधी उलट विचारते, "कुठला किलो? रव्याचा की लाडवांचा?" कारण या दोन किलोंची उत्तरं अडीच पटीने वेगळी आहेत. किलोभर तयार लाडू डब्यात भरले तर बेताच्या आकाराचे पंचवीस बसतात. किलोभर रवा कढईत घातला तर त्याच आकाराचे साठ लाडू होतात. दुकानात तोललेले लाडू घेणारी आणि घरी रवा भाजणारी या दोघी एकमेकींना आकडे सांगतात तेव्हा घोटाळा इथेच होतो. एक म्हणते पंचवीस, दुसरी म्हणते साठ, आणि दोघींचंही बरोबर असतं.

मी बोलते आहे ते पाकातल्या, ओला नारळ घातलेल्या रवा लाडवांबद्दल. माझं प्रमाण असं: बारीक रवा १ किलो, साखर पाऊण किलो, तूप पाव किलो आणि खवलेला ओला नारळ ४०० ग्रॅम, म्हणजे दोन मध्यम नारळांचा चव. वेलदोड्याची पूड आणि बेदाणे आवडीप्रमाणे. हे काही माझं संशोधन नाही. घरोघरी 'तीन वाट्या रवा, दोन वाट्या साखर, दीड वाटी नारळ, अर्धी वाटी तूप' असं जे तोंडी चालत आलं आहे, तेच मी काट्यावर ठेवून पाहिलं.

काट्यावर ठेवण्याची गरज का पडली ते सांगते. वाटी हे घरातलं फार सोयीचं माप आहे. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली ती वाटी-चमच्याची मापं घेऊनच, आणि त्यामुळे कितीजणींना पुस्तकात पाहून धीराने स्वयंपाक करता आला. तीन वाट्यांचे लाडू करायचे असतील तर आजही वाटीच घ्यावी, कारण सगळं एकाच वाटीने मोजलं की वाटी लहान आहे की मोठी याने काही बिघडत नाही. अडचण येते ती वाटीचा किलो करताना. दोनशे मिलीलिटरच्या वाटीत बारीक रवा साधारण १४० ग्रॅम बसतो, साखर मात्र १६५. म्हणून तीनास दोन हे वाटीचं प्रमाण ऐकून कुणी किलोभर रव्याला ६६५ ग्रॅम साखर मोजली, तर तिचे लाडू आईच्या लाडवांपेक्षा अगोड होतात. तीन वाट्या रवा म्हणजे ४२० ग्रॅम आणि दोन वाट्या साखर म्हणजे ३३० ग्रॅम. किलोच्या हिशेबाने ती साखर पाऊण किलोच्याही थोडी वर जाते. नारळाचं तर आणखीच अवघड. सैल भरलेल्या वाटीत ७० ग्रॅम चव बसतो, दाबून भरली तर शंभर. आई 'दीड वाटी' म्हणायची तेव्हा ती बोटांनी दाबून भरलेली असायची, हे लिहून कुणी ठेवत नाही.

आता हे चार पदार्थ मिळवून पाहा. हजार अधिक साडेसातशे अधिक अडीचशे अधिक चारशे, म्हणजे २४०० ग्रॅम. पण रवा भाजताना त्यातली ओल जाते आणि किलोमागे साठ-सत्तर ग्रॅम वजन उतरतं. नारळ रव्याबरोबर परतला की तोही शंभरेक ग्रॅम हलका होतो. म्हणजे कढईतून निघायला हवेत सव्वादोन किलोच्या आसपास. तरी तयार लाडू तोलले की भरतात अडीच किलो. मधला पाव किलो येतो तो पाण्याचा. प्रमाण सांगताना रवा, साखर, तूप, नारळ ही चारच नावं आपण घेतो. पाणी 'साखर बुडेल इतकं' असतं, त्याला आकडा नसतो. आणि लाडू मऊ होणार की भगराळ, वळला जाणार की बसणार, हे जवळजवळ सगळं त्या पाण्यावर ठरतं.

रव्यापासूनच सुरुवात करते. रवा बारीकच हवा. उपम्याचा जाड रवा पाक पितो खरा, पण आतपर्यंत भिजत नाही आणि दाताखाली कण लागतो. जाड बुडाच्या कढईत तूप घालून मंद आचेवर किलोभर रवा भाजायला अर्धा तास सहज लागतो. या लाडवाला बेसनासारखा तांबूस रंग नको असतो, तो शुभ्रतेकडे झुकणाराच चांगला दिसतो. म्हणून भाजल्याची खूण रंगात शोधू नये, हाताला शोधावी. सुरुवातीला रवा तुपाने जड झालेला असतो, उलथनं ओढत न्यावं लागतं. भाजत आला की तो सुटा आणि हलका होतो, उलथनं आपसूक फिरायला लागतं आणि वास स्वयंपाकघराबाहेर जातो. तेव्हा नारळ घालायचा. नारळ घातल्याबरोबर रवा पुन्हा जड होतो, गुठळ्या दिसतात, वाफ येते. ती वाफ बरीचशी विरेपर्यंत, म्हणजे आणखी सात-आठ मिनिटं परतायचं. ओल्या नारळात जवळजवळ निम्मं पाणीच असतं. चारशे ग्रॅम चवात पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास पाणी, त्यातलं निम्मं इथे उडवायचं आणि निम्मं ठेवायचं. सगळं उडवलं तर नारळ कोरडा होऊन लाडवात चोथ्यासारखा लागतो. काहीच उडवलं नाही तर लाडू दुसऱ्याच दिवशी आंबूस होतात. नारळ खवताना पाठ येऊ देऊ नये, म्हणजे रंग स्वच्छ राहतो.

शहरात आता बरेचजण सुकं, किसलेलं डेसिकेटेड खोबरं वापरतात. वापरायला हरकत नाही. पण ओल्या नारळाच्या जागी तेवढंच सुकं घातलं की हिशेब चुकतो. त्यात पाणी नावापुरतंच असतं, म्हणून चारशे ग्रॅम चवाऐवजी दोनशे ग्रॅम सुकं पुरतं, आणि नारळाबरोबर आत येणारं अर्धी वाटी पाणी आता येत नाही हे लक्षात ठेवून पाक किंचित सैल ठेवावा लागतो.

पाकाचं म्हणाल तर सगळे 'एकतारी' सांगतात आणि तिथेच हात कापतो. अंगठा आणि तर्जनीमध्ये थेंब घेऊन बोटं दूर करायची, एक तार निघाली की झाला. पण पाक गरम असताना तार तुटते आणि तोच थेंब बशीत गार झाला की तार लांबते. पाहणाऱ्याच्या धिटाईप्रमाणे एकतारीचा अर्थ बदलतो. मी यावर काट्याचा उपाय करते आणि तो मला फार भरवशाचा वाटतो. पाकाचं पातेलं रिकामं असताना तोलून वजन लिहून ठेवायचं. त्यात पाऊण किलो साखर आणि साडेचारशे मिलीलिटर पाणी घालायचं, म्हणजे आतला ऐवज बाराशे ग्रॅम. साखर विरघळून उकळी आली की मध्यम आचेवर ठेवून अधूनमधून पातेलं काट्यावर ठेवून बघायचं. ऐवज १०५० ते ११०० ग्रॅमच्या मध्ये आला की पाक झाला. सोप्या भाषेत, सव्वाशेक मिलीलिटर पाणी उडालं पाहिजे, सव्वातीनशे उरलं पाहिजे. या टप्प्याला बोटांना जी तार लागते ती एकतारीच असते, पण आता ती दोन वेगळ्या बायकांच्या हाती दोन वेगळ्या प्रकारची निघत नाही.

हा पाक गरम असतानाच भाजलेल्या रव्या-नारळात ओतायचा. आणि मग जे दिसतं त्याने नवशिकी घाबरते. मिश्रण शिऱ्यासारखं सैल असतं, त्याचा लाडू होईल असं कुणाला वाटणार नाही. आमच्या शेजारच्या काकू अशा वेळी नव्या सुनेला सांगायच्या, "अगं, हात लावू नकोस. झाकून ठेव आणि भाजी निवडायला घे. रव्याला पाणी पिऊ दे." त्यात सगळं आलं. भाजून कोरडा झालेला रव्याचा कण पाकातलं पाणी हळूहळू आत ओढून घेतो आणि फुगतो. पाणी रव्यात गेलं की साखरेला विरघळून राहायला पाणी कमी पडतं. मग ती बारीक कणांनी पुन्हा बसायला लागते आणि फुगलेल्या कणांना एकमेकांशी धरून ठेवते. लाडू वळतो तो या दोन गोष्टींमुळे. तुपाचा वाटा त्यात कमी असतो. पाकाच्या लाडवात तूप असतं ते चवीला, मऊपणाला आणि रवा नीट भाजला जावा म्हणून. याहून जास्त तूप घातलं तर त्याचा थर कणावर बसतो, पाक आत शिरायला वेळ लागतो आणि लाडू बाहेरून तुपकट, आतून मात्र कचकचीत राहतो. पाव किलोवर मी कधी जात नाही.

मुरायला दोन तास तरी द्यायचे, पावसाळी हवेत तीन-चारही लागतात. अर्ध्या-पाऊण तासाने एकदा खालीवर करायचं, नाहीतर वर साय धरल्यासारखी साखर बसते आणि तिचे खडे होतात. वळायची वेळ झाली की नाही हे मुटक्यावर कळतं. मूठभर मिश्रण घेऊन दाबलं, मूठ उघडली आणि मुटका तसाच राहिला, बोटांच्या खुणा उमटलेल्या दिसल्या, तळव्याला ओल लागली नाही, की झालं. मुटका हळूहळू पसरला तर आणखी थांबायचं. मुटका फुटून भुगा झाला तर पाक पुढे गेलेला आहे.

पाक पुढे गेला तर काय करायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. बहुतेकजणी दुधाचा हबका मारतात. लाडू वळले जातात, पण दूध पडलं की ते दोन दिवसांत संपवायला लागतात. मी त्यापेक्षा पाण्याचा आधार घेते. पाव वाटी पाण्यात दोन चमचे साखर घालून उकळते, ते कढत पाणी मिश्रणावर शिंपडते, झाकून अर्धा तास ठेवते आणि हाताने चांगलं मळते. मळण्याने बसलेली साखर फुटते आणि मिश्रण पुन्हा लोण्यासारखं एकजीव होतं. पाक कच्चा राहिला असेल आणि चार तासांनीही मिश्रण सैलच असेल, तर ते मंद आचेवर पाच मिनिटं परतून घ्यावं, किंवा मूठभर कोरडा भाजलेला रवा त्यात मिसळून पुन्हा झाकावं. कच्च्या पाकाचे लाडू तसेच ओढूनताणून वळले तर ते ताटात ठेवल्यावर खाली चपटे होतात. त्याला आमच्याकडे लाडू 'बसला' म्हणतात. असे लाडू टिकतही नाहीत.

हल्ली घरात कुणाला तरी साखर वर्ज्य असते आणि प्रमाण विचारतानाच 'साखर अर्धीच घालीन म्हणते' असं ऐकायला येतं. किलोला सहाशे ग्रॅमपर्यंत उतरता येतं, त्याखाली मी उतरू नये असंच सांगते. साखर कमी केली की पाकाला पाणीही कमी लागतं. पाणी कमी म्हणजे रवा अर्धा कोरडा राहणार. पाणी तेवढंच ठेवलं तर पाक फिका होणार, लाडवाला धरून ठेवणारं काही उरणार नाही आणि नारळ दोन दिवसांत खराब होणार. कमी गोड खायचं असेल तर लाडू लहान वळावा. तीस ग्रॅमचा लाडू खाणाऱ्याच्या पोटात चाळीस ग्रॅमच्या लाडवापेक्षा पाव हिस्सा साखर कमी जाते आणि लाडू लाडवासारखा राहतो.

बिनपाकाचे, पिठीसाखरेचे लाडू हा वेगळा प्रकार आहे. तिथे पाणी नाही, म्हणून धरून ठेवायचं सगळं काम तुपाकडे जातं आणि किलोभर रव्याला तूप चारशे ते पाचशे ग्रॅम लागतं. ते पुष्कळ दिवस टिकतात, प्रवासाला आणि परदेशी पाठवायला तेच बरे. पण रवा भिजलेला नसतो, आणि मला तो फरक जिभेवर लगेच कळतो.

मग लाडू किती, याचं उत्तर शेवटी हातावर येतं. अडीच किलो मिश्रणातलं थोडं कढईला, परातीला, हाताला लागतं. वळायला सरासरी २४५० ग्रॅम येतं असं धरावं. चाळीस ग्रॅमचा लाडू केला तर एकसष्ट, पन्नासचा केला तर एकोणपन्नास, तिसाचा केला तर ऐंशीच्या वर. चाळीस ग्रॅमचा लाडू साधारण चार सेंटीमीटर रुंदीचा असतो. पन्नास ग्रॅमचा किती मोठा असेल असं वाटतं? फक्त तीन मिलिमीटरने मोठा. गोल वस्तूचं असंच असतं. रुंदी डोळ्याला कळणार नाही इतकी वाढते आणि ऐवज पाव पटीने वाढतो. दोन लाडू शेजारी ठेवले तरी पटकन फरक दिसत नाही, आणि किलोमागे बारा लाडू मात्र कमी होतात. त्यात घट्ट दाबून वळणारीचा लाडू लहान दिसतो, म्हणून ती नकळत पुढच्या वेळी थोडं जास्त मिश्रण उचलते. चारजणी परातीभोवती बसून वळायला लागल्या की सुरुवातीचे लाडू एका मापाचे असतात आणि गप्पा रंगल्या की हळूहळू ते वाढत जातात. म्हणून पहिला लाडू तोलून तो मध्ये ठेवायचा आणि एका लहान वाटीला किंवा पळीला त्याचं माप बसवायचं. प्रत्येकीने त्या मापाने मिश्रण घ्यायचं, मग हाताने वळायचं. फराळ विकणाऱ्या बचत गटांनाही मी हेच सांगत असते. किलोचा डबा पंचवीस लाडवांचा ठरवला असेल आणि लाडू पन्नास ग्रॅमचे वळले गेले तर पंचवीस लाडवांचं वजन सव्वा किलो होतं आणि तो वरचा पाव किलो फुकट जातो.

यंदा नात्यातल्या एका घरी गौरीच्या जेवणासाठी दीडशे लाडू हवे होते. विचारणारीने घरात दोन किलो रवा आणूनही ठेवला होता. चाळीस ग्रॅमचे दीडशे म्हणजे सहा किलो लाडू. किलोभर रव्याचे २४५० ग्रॅम, म्हणजे रवा लागतो अडीच किलोच्या अगदी जवळ. तिला आणखी अर्धा किलो रवा आणायला सांगितला. साखर १ किलो ८७५ ग्रॅम, तूप ६२५ ग्रॅम, नारळ पाच. हिशेबाने एकशेत्रेपन्न होतात, तीन लाडू चाखायला आणि फुटतुटीला. एवढा रवा एका कढईत भाजू नये. तळाचा करपतो तोवर वरचा कच्चाच असतो, आणि एवढ्या पाकाचं पाणी उडायलाही फार वेळ लागतो. आम्ही सव्वा किलोचे दोन घाणे केले. प्रत्येकाला पाक १३१० ते १३७० ग्रॅमवर उतरवला. दोन्ही मिश्रणं वेगवेगळ्या परातीत मुरू दिली, कारण एक आधी भिजलेलं असतं आणि दुसरं नंतर, आणि दोन्ही एकत्र केली तर कुठल्याच वेळी मुटका खरं सांगत नाही.

राहिला दिवस ठरवण्याचा प्रश्न. तिला चार दिवस आधी करून मोकळं व्हायचं होतं. भाद्रपदातली दमट हवा आणि ओला नारळ असताना मी चार दिवसांची हमी देत नाही. दिवाळीच्या कोरड्या हवेत हेच लाडू आठवडाभर छान राहतात, गणपतीत मात्र तीन दिवस धरावेत. गौरी जेवणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी रवा भाजायचा, संध्याकाळी वळायचे, रात्रभर जाळीच्या झाकणाखाली ताटात पसरून ठेवायचे आणि सकाळी डब्यात भरायचे, असं ठरलं. गरम किंवा ओलसर लाडू लगेच डब्यात बंद केले तर झाकणाला पाणी सुटतं आणि सगळ्यात आधी वरच्या थराला बुरशी येते. ते दीडशे सकाळी डब्यात भरले तेव्हा पूर्ण सुटे होते, एकही दुसऱ्याला चिकटला नव्हता.